सणाची रजा आणि तेच दिवस मागणारे सगळे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बरीच वर्षं रोस्टर लावतो आहे. खाली दिलेले प्रश्न मला दोन्ही बाजूंनी विचारले गेले आहेत, रजा मागणाऱ्यांकडून आणि रजा मंजूर करणाऱ्यांकडूनही. जिथे काम सातही दिवस चालतं, माणसं मोजकी असतात आणि सगळ्यांनी एकदम घरी जाणं शक्य नसतं, अशा टीमसाठी ही उत्तरं आहेत.

सगळ्यांना तेच दिवस हवे आहेत. सुरुवात कुठून करायची?

आधी जागा मोजा, कारणं नंतर ऐका. बहुतेक टीममध्ये हे उलट होतं. अर्ज येतात, प्रत्येकाचं कारण वाचलं जातं, कोणाचं कारण मोठं यावर मनातल्या मनात निवाडा होतो आणि मग माणसं पुरतात का ते पाहिलं जातं. कारणांची तुलना एकदा सुरू झाली की ती न्याय्य होऊ शकत नाही. आपल्या घरात जो सण होतो त्याचं वजन आपल्याला आपोआप कळतं, दुसऱ्याच्या सणाचं वजन मात्र त्याने समजावून सांगावं लागतं.

मोजणी अशी करा. टीममध्ये दहा जण आहेत. काम चालायला रोज किमान पाच हवेत. आयत्या वेळी कोणी आजारी पडलं तर म्हणून एक जास्तीचा. म्हणजे रोज सहा जण हजर हवेत आणि चौघे बाहेर राहू शकतात. या चौघांत साप्ताहिक सुट्टीवर असलेलेही आले. हे विसरलं जातं आणि ‘चार जागा आहेत’ म्हणून चार रजा मंजूर होतात. मग त्या दिवशी दोघांची साप्ताहिक सुट्टी निघते आणि ती ऐन वेळी रद्द करावी लागते. ज्यांची सुट्टी जाते त्यांनी बहुधा काही मागितलेलंच नसतं.

रोज किमान किती हवेत हा आकडा रजेचे अर्ज उघडण्याआधी जाहीर करा. अर्ज आल्यावर तो बदलला, तर कोणासाठी बदलला हे सगळ्यांना लगेच दिसतं.

जो आधी अर्ज करेल त्याला आधी रजा, यात काय चूक आहे? नियम तर सगळ्यांना सारखाच आहे.

नियम सारखा आहे, पण तारखा सगळ्यांना सारख्याच वेळी कळत नाहीत. ज्याचा सण २५ डिसेंबरला येतो त्याला तारीख दहा वर्षं आधीही माहीत असते. ज्याची ईद चंद्रदर्शनावर ठरते, त्याला नेमका दिवस आदल्या संध्याकाळी कळतो. शाळेच्या सुट्ट्यांचं पत्रक यायला वेळ लागतो, त्यामुळे पालकही मागे राहतात. जानेवारीच्या पहिल्या सकाळी वर्षभराच्या रजा टाकून ठेवणारा माणूस कष्टाळू असतो असं नाही. त्याचं कॅलेंडर स्थिर असतं, एवढंच.

मी स्वतः काही वर्षं याच पद्धतीने रजा दिल्या आणि ती सरळ पद्धत आहे असं मला मनापासून वाटत होतं. एकदा एका सहकाऱ्याने मागच्या तीन वर्षांचं रोस्टर छापून माझ्यासमोर ठेवलं. त्याच्या सणाच्या तीनही दिवशी तो ड्युटीवर होता. एकाही वेळी त्याला कोणी ‘नाही’ म्हणालं नव्हतं. त्याने अर्ज करेपर्यंत जागाच उरलेली नव्हती. त्या दिवसापासून मी ही पद्धत सोडली.

याला उपाय एकच आहे. गर्दीच्या काळासाठी अर्जांची खिडकी ठेवा, समजा महिनाभर. त्या महिन्यात पहिल्या दिवशी आलेला अर्ज आणि शेवटच्या दिवशी आलेला अर्ज सारखाच. खिडकी बंद झाल्यावर सगळे अर्ज एकत्र समोर घ्यायचे.

मग ज्येष्ठतेनुसार द्यावी का? किंवा सरळ चिठ्ठ्या टाकाव्यात?

ज्येष्ठतेत टीममध्ये अलीकडे आलेले नेहमी मागे राहतात. एखाद्या समाजातले लोक टीममध्ये नुकतेच येऊ लागले असतील, तर त्या समाजाचा सण वर्षानुवर्षं मागे राहतो. चिठ्ठी निःपक्षपाती असते, पण तिला मागचं काही आठवत नाही. एकाच माणसावर सलग तीनदा वाईट चिठ्ठी आली, तरी चौथ्यांदाही ती येऊ शकते. दोघांचं बाकी सगळं समान असेल तेव्हा शेवटचा निर्णय चिठ्ठीवर सोडावा, त्याआधी नाही.

मग क्रम ठरवायचा कसा?

दोन फेऱ्यांत. प्रत्येक अर्जाला एकच प्रश्न विचारायचा: हा दिवस सरकवता येतो का?

काही दिवस सरकत नाहीत. ईद, गुड फ्रायडे, पाडवा, ज्यूंचा योम किप्पुर हे आदल्या किंवा दुसऱ्या दिवशी साजरे करता येत नाहीत. न्यायालयाने ठरवून दिलेली मुलाच्या भेटीची तारीख असलेल्या विभक्त पालकाचा दिवसही असाच असतो आणि तो मी सणाच्याच रांगेत धरतो. याउलट शाळेची सुट्टी, गावी जाणं, सणाला जोडून घेतलेले चार दिवस हा सरकता काळ. त्यातले सगळे दिवस एकसारखे अडलेले नसतात.

पहिल्या फेरीत फक्त न सरकणारे दिवस द्यायचे. वर्षाला प्रत्येकाला असे ठरावीक दिवस मिळतात. मी तीन ठेवतो, तुमच्या टीमला चार परवडत असतील तर चार ठेवा. तीनच असल्यामुळे माणूस ते जपून वापरतो आणि खरोखर महत्त्वाचेच दिवस मागतो. या दिवसांनी रोस्टर भरून झालं की दुसऱ्या फेरीत उरलेल्या जागा सरकत्या काळासाठी वाटायच्या. तिथे क्रम वहीवरून ठरतो. वहीबद्दल पुढे सांगतो.

न सरकणारा दिवस खरा आहे का, हे तपासायचं का?

नाही. अर्जात धर्म विचारू नका, सणाचं नावही विचारू नका. अर्जात एक चौकोन पुरे: ‘हा माझा न सरकणारा दिवस आहे.’ तीनचीच मर्यादा असल्यामुळे तपासणीची गरज राहत नाही. आपल्या तीनपैकी एक दिवस कोणी मित्राच्या लग्नासाठी घालवला, तर तो त्याने आपल्या वाट्यातूनच घालवला.

‘तो एरवी तर काही पाळत नाही’ किंवा ‘मागच्या वर्षी त्याने ही रजा घेतली नव्हती’ असं बोलणं टीममध्ये सुरू झालं तर ते तिथेच थांबवा. कोण किती पाळतो हे रोस्टर लावणाऱ्याने ठरवायचं नसतं. आणि ‘ख्रिस्ती आहेत, म्हणजे यांची तारीख अमुक’ असं स्वतःहून धरून चालू नका. २०२६ मध्ये बहुतेक चर्चचा ईस्टर ५ एप्रिलला आहे आणि बहुतेक ऑर्थोडॉक्स चर्चचा १२ एप्रिलला. शेजारी बसणाऱ्या दोघांचे दिवस वेगळे असू शकतात.

ईदची तारीख आधी पक्की नसते. मग ती रजा मंजूर कशी करायची?

दोन्ही संभाव्य दिवस राखून ठेवा आणि रजा एकच मोजा. चंद्र कधी दिसेल हे त्या माणसाच्या हातात नाही. त्या अनिश्चिततेसाठी त्याच्या खात्यातून दोन रजा कापणं अन्यायाचं आहे.

व्यवहारात हे असं होतं. शुक्रवार आणि शनिवार दोन्ही दिवशी त्याची जागा बाहेरची धरायची. गुरुवारी रात्री तारीख ठरली की ज्या दिवशी सण नाही त्या दिवशी तो कामावर येतो. मग त्या दिवशी एक माणूस जास्तीचा होतो. तो कोणी वापरायचा हे आधीच ठरलेलं असलं पाहिजे. दुसऱ्या कोणा एकाला सांगून ठेवा: ‘ईद शनिवारी झाली तर तुला शुक्रवारी सुट्टी, शुक्रवारी झाली तर शनिवारी.’ अशी सुट्टी आनंदाने घेणारा कोणीतरी सापडतोच, फक्त त्याला आठवडाभर आधी विचारावं लागतं.

रोस्टर लावणाऱ्याने आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. हिजरी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचं असतं, म्हणून ईद दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे येते. या वर्षी ती पालकांच्या सुट्टीशी भिडत असेल तर काही वर्षांनी भिडणार नाही. ख्रिसमस मात्र दरवर्षी शाळेच्या सुट्टीच्या आसपासच येतो. एकेका वर्षाचा वेगळा हिशेब केला तर हा फरक दिसत नाही. म्हणून वही एका वर्षात संपवायची नाही.

पालकांना प्राधान्य द्यावं की नाही?

सरसकट देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मी स्वतः पालक आहे आणि तरीही हेच म्हणतो.

पालकांची अडचण खरी असते. शाळा बंद, घरी मूल, त्याला सांभाळायला कोणी नाही. पण ‘पालक आधी’ असा नियम केला की मूल नसलेल्या माणसाची ड्युटी कायमची ठरून जाते. त्याच्या घरी आजारी आई असू शकते, परगावी भाऊ असू शकतो. किंवा यातलं काहीच नसतं आणि त्याला फक्त विश्रांती हवी असते. त्यालाही रजा लागतेच. शिवाय पालक म्हणून मिळालेलं प्राधान्य मुलं मोठी होईपर्यंत टिकतं. तोपर्यंत दुसऱ्याची दहा-बारा वर्षं गेलेली असतात.

त्याऐवजी, समजा शाळा नऊ दिवस बंद आहे, तर पालकांना असं विचारा: या नऊ दिवसांपैकी मुलाला सांभाळायला कोणीच नाही असे दिवस कोणते? नवरा-बायको दोघं नोकरी करत असतील तर बहुधा ते दिवस आपसात वाटून घेतात, आणि नऊचे सहा किंवा पाच होतात. पुढचा प्रश्न: पूर्ण रजाच हवी का? कधी सकाळची पाळी पुरते, कधी अर्धा दिवस, कधी घरून काम. मूल अचानक आजारी पडलं तर तो वेगळा विषय आहे. त्यासाठी तातडीची रजा असते, तिला ही रांग लागू करू नये.

एखादं उदाहरण पूर्ण सोडवून दाखवाल का?

२०२६ चा मार्च-एप्रिल घेऊ, कारण त्या अठरा दिवसांत बऱ्याच जणांचे सण एकत्र आले आहेत. १९ मार्चला गुढीपाडवा आणि उगादी, २० किंवा २१ ला ईद, २१ ला नवरोज, ३ एप्रिलला गुड फ्रायडे, ५ ला ईस्टर. टीम वरचीच, दहा जणांची, रोज जास्तीत जास्त चौघे बाहेर. माणसं नमुन्यादाखल घेतली आहेत.

चौघांना पाडवा हवा आहे. दोघांना ईद. एकाला नवरोज. दोघींना गुड फ्रायडे आणि ईस्टर. दहाव्या सहकारी बाईला यातला कुठलाच सण नको, पण १ ते ५ एप्रिल असे पाच दिवस आईकडे जायचं आहे. यांच्यात तीन पालक आहेत: पाडव्याच्या चौघांपैकी दोघे आणि ईस्टरवाल्या दोघींपैकी एक. मुलांच्या शाळा २८ मार्च ते ५ एप्रिल बंद आहेत आणि तिघांनाही ते नऊही दिवस हवे आहेत.

पहिली फेरी. १९ मार्चला चार अर्ज आहेत आणि जागाही चारच. रजा मोजणाऱ्याला इथे अडचण दिसते, कारण एरवी त्या दिवशी दोघांची साप्ताहिक सुट्टी असते आणि रजेला दोनच जागा उरतात. म्हणून त्या आठवड्याची साप्ताहिक सुट्टी हलवायची. पाडव्याच्या चौघांपैकी दोघांची साप्ताहिक सुट्टीच १९ ला ठेवायची, बाकी दोघांनी रजा घ्यायची. इतर सहा जण हजर. कोणालाही नाही म्हणावं लागलं नाही. ज्या दोघांना साप्ताहिक सुट्टी मिळाली त्यांची एक रजा वाचली, म्हणून पुढच्या वेळी ती सोय उरलेल्या दोघांना. हे लगेच लिहून ठेवायचं.

२० आणि २१ ला ईदवाल्या दोघांच्या जागा राखीव. २१ ला नवरोजवाल्याची साप्ताहिक सुट्टी ठेवली. तिघे बाहेर, एक जागा अजून शिल्लक. ३ आणि ५ एप्रिलला ईस्टरवाल्या दोघी बाहेर. पहिली फेरी संपली.

दुसरी फेरी. ३ एप्रिलला दोघी आहेतच. त्यांपैकी एक स्वतः पालक आहे, म्हणून तिची मागणी वेगळी मोजायची नाही. आणखी दोघे पालक आणि दहावी मिळून पाच होतात, जागा चार. ५ एप्रिललाही तेच. ही उघड दिसणारी अडचण. लपलेली अडचण साप्ताहिक सुट्ट्यांची आहे. सोमवार ३० मार्च ते रविवार ५ एप्रिल या आठवड्यात बाहेरच्या जागा सात चोक अठ्ठावीस. तिघा पालकांचे सात-सात म्हणजे एकवीस, दहावीचे पाच, दुसऱ्या ईस्टरवालीचे दोन, झाले अठ्ठावीस. उरलेल्या पाच जणांच्या साप्ताहिक सुट्टीसाठी एकही जागा नाही. सगळ्या रजा मंजूर केल्या असत्या तर या पाच जणांचा आठवडा सुट्टीविना गेला असता, आणि हे बहुधा शनिवारी लक्षात आलं असतं.

आता तिन्ही पालकांना समोर बसवून ‘सांभाळायला कोणीच नाही असे दिवस कोणते’ हा प्रश्न विचारायचा. समजा तिघांनीही प्रत्येकी सहा दिवसांवर भागवलं. पाडव्याचे दोघे पालक २८ मार्च ते २ एप्रिल घेतात. ईस्टरवाल्या आईचे ३ आणि ५ आधीच ठरलेले, म्हणून ती ३१ मार्च ते ५ एप्रिल घेते. दहावीला तिचे पाचही दिवस मिळतात.

दिवसवार तपासू. ३० मार्चला दोघे बाहेर, ३१ ला तिघे, १ आणि २ एप्रिलला चार-चार, ३ ला तिघी, ४ ला दोघी, ५ ला तिघी. साप्ताहिक सुट्टीसाठी मोकळ्या जागा: ३० ला दोन, ३१ ला एक, ३ ला एक, ४ ला दोन, ५ ला एक. एकूण सात. गरज पाचची. दोन जागा हातात राहिल्या. त्या मी वाटून टाकणार नाही. एक-दोन जागा शिल्लक असल्या की आयत्या वेळी कोणावर जुलूम करावा लागत नाही.

वही म्हणजे नेमकं काय?

एक साधा तक्ता. सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी ठेवलेला. त्यात फक्त गर्दीचे दिवस नोंदवायचे. गर्दीचा दिवस म्हणजे ज्या दिवसाची मागणी जागांपेक्षा जास्त झाली तो. हे अर्जांची खिडकी बंद झाल्यावर ठरतं, आधी नाही. आधी ठरवलं की बहुसंख्यांचे सण आपोआप ‘मोठे दिवस’ होतात.

दुसऱ्या फेरीत गर्दीचा दिवस मिळाला तर एक गुण अधिक. मागूनही मिळाला नाही तर एक गुण वजा. पहिल्या फेरीतला न सरकणारा दिवस मिळाला तर काही मोजायचं नाही, पण तो नाकारावा लागला तर दोन गुण वजा, कारण तो नकार जास्त लागतो. पुढच्या वेळी ज्याचा आकडा सर्वांत कमी तो आधी निवडतो.

वरच्या उदाहरणात गर्दीचे दिवस दोनच, ३ आणि ५ एप्रिल. पाडव्याच्या दोघा पालकांना ते मिळाले नाहीत, त्यांचे वजा दोन. दहावीला दोन्ही मिळाले, तिचे अधिक दोन. ईस्टरवाल्या दोघींचे ते न सरकणारे दिवस होते, म्हणून शून्य. पुढच्या गर्दीत दोघे पालक आधी निवडतील आणि दहावी शेवटी. नवरोजवाल्याचा दिवस इतर कोणी फारसा मागितलाच नाही, म्हणून त्याच्या खात्यात काहीच आलं नाही. अल्पसंख्य सणाला वहीत किंमत मोजावी लागत नाही, हा या पद्धतीतला मला सर्वांत पटलेला भाग.

वहीला दोन मर्यादा घाला. नोंदी दोन वर्षांपर्यंतच पुढे न्या, नाहीतर जो कधीच काही मागत नाही त्याच्याकडे एवढं प्राधान्य साचतं की एका वर्षी तो सगळा हंगाम घेऊन जातो. आणि नव्याने आलेल्या माणसाचा आकडा टीमच्या सरासरीवर ठेवा. शून्यावर ठेवला तर बाकीच्यांचे आकडे पाहता तो विनाकारण पुढे किंवा मागे जातो.

न सरकणाऱ्या दिवसांचेच अर्ज जागांपेक्षा जास्त आले तर?

तर दिवसाऐवजी वेळ विचारा. पुष्कळ सणांचा गाभा दिवसाच्या एका भागात असतो. सकाळची नमाज, संध्याकाळची पूजा, दुपारची प्रार्थना. सहा अर्ज आणि चार जागा असतील तर दोघांना सकाळी सुट्टी आणि दुपारी पाळी, दुसऱ्या दोघांना उलट आणि उरलेल्या दोघांना पूर्ण दिवस, असं जमू शकतं. मात्र हा पर्याय माणसाने स्वतः निवडायचा. ‘तुमचं तर सकाळीच आटपतं ना’ असं रोस्टर लावणाऱ्याने म्हणू नये.

तरीही जमलं नाही तर मागच्या वेळी त्याच सणाला ड्युटी केलेल्याला आधी सोडायचं. त्यानंतरही बरोबरी राहिली तर चिठ्ठी.

आमच्याकडे ‘ज्यांचा सण नाही त्यांनी ड्युटी करायची’ अशी समजूत आहे आणि सगळे खूश दिसतात. ती बदलावी का?

ती अदलाबदल असेल तर उत्तम. तुझ्या सणाला मी, माझ्या सणाला तू. अनेक टीम यावर छान चालतात. पण ती खरोखर दोन्ही बाजूंनी चालते का, ते मोजून पाहा. मागच्या तीन वर्षांचं रोस्टर घ्या, गर्दीच्या दिवसांवर खूण करा आणि प्रत्येक माणसाने त्यातले किती दिवस काम केलं ते मोजा. मोठ्या सणाला टीममधले दोघे दरवर्षी ड्युटीवर दिसतील आणि त्यांच्या सणाला मात्र ‘काम जास्त आहे’ म्हणून ते पुन्हा ड्युटीवर, तर ही अदलाबदल नाही. अविवाहित माणसाचंही बहुतेक असंच होतं. त्याला कोणी विचारत नाही, कारण तो हो म्हणेल हे गृहीत असतं. ‘खूश दिसतात’ यावर विसंबू नका, मोजा.

मोठ्या सणाला ऑफिसच बंद असतं. मग भांडण कशाचं?

जागांचं भांडण नाही, हिशेबाचं आहे. ज्याचा सण सुट्ट्यांच्या यादीत आहे त्याला तो फुकट मिळतो. ज्याचा नाही, त्याला स्वतःची रजा खर्चावी लागते. यादीत दोन-तीन ऐच्छिक सुट्ट्या ठेवल्या तर हा फरक बराच कमी होतो. जिथे बंद दिवशीही काही काम चालतं, तिथे ‘तो दिवस मी काम करतो, बदल्यात माझ्या सणाला सुट्टी’ हीही सोय देता येते. ऑफिसला कुलूपच असेल तर ती देता येणार नाही.

कायदा काय म्हणतो? धार्मिक रजेला कायद्याने अग्रक्रम नसतो का?

देशोदेशी वेगळा कायदा आहे आणि तुमच्या देशाचा कायदा व नोकरीचा करार वरच्या सगळ्या पद्धतीच्या वर आहे. प्रश्न कसा गुंतागुंतीचा होतो हे अमेरिकेतल्या दोन निकालांवरून दिसतं. १९७७ च्या ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्स विरुद्ध हार्डिसन खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की धार्मिक सोयीसाठी मालकाने करारातली ज्येष्ठतेची पद्धत मोडायची गरज नाही. २०२३ च्या ग्रॉफ विरुद्ध डीजॉय खटल्यात, रविवारी काम करायला नकार देणाऱ्या एका टपाल कर्मचाऱ्याच्या प्रकरणात, न्यायालयाने एकमताने सांगितलं की सोय नाकारायची तर व्यवसायाला भरीव जादा बोजा पडतो हे मालकाने दाखवलं पाहिजे. सहकाऱ्यांना तो धर्म किंवा ती सोय आवडत नाही, हे कारण चालत नाही. दुसरा निकाल पहिल्याचा अर्थ स्पष्ट करतो, त्याला रद्द करत नाही. दोन्ही वाचले तर रोस्टर लावणाऱ्याच्या कामाचं एक समजतं: नकार देताना ‘किती माणसं कमी पडतील’ हे आकड्यात सांगता आलं पाहिजे.

दोघांनी आपसात दिवस बदलले तर वहीत काय लिहायचं?

ज्याने दिवस सोडला त्याचा एक गुण कमी, ज्याने घेतला त्याचा एक वाढला. लिहायचं मात्र नक्की. न लिहिलेल्या अदलाबदलीत नेहमी तेच भिडस्त लोक दिवस सोडत राहतात आणि वहीत त्याचा मागमूस राहत नाही.

यादी लागल्यावर कोणाला रजा हवी झाली तर?

शिल्लक जागा असेल तर द्या. नसेल तर त्याने स्वतः अदलाबदल शोधावी. आधी मंजूर झालेली रजा दुसऱ्याच्या नव्या कारणासाठी काढून घेऊ नका, ते कारण कितीही मोठं असलं तरी. मृत्यू आणि अपघात हे अपवाद. त्यासाठीच तो एक जास्तीचा माणूस रोज राखलेला असतो.

पहिल्या वर्षी वहीत काहीच नाही. सुरुवात कशी करू?

मागच्या दोन वर्षांचं रोस्टर बाहेर काढा. नाकारलेले अर्ज बहुधा सापडणार नाहीत, कारण कोणी ते जपून ठेवत नाही. पण गर्दीच्या दिवशी कोण हजर होतं हे सापडतं. त्यावरून प्रत्येकाचा कच्चा आकडा काढा, तक्ता टीमसमोर ठेवा आणि आठवडाभर हरकती मागवा. कोणाला तरी ‘त्या वेळी मी मागितली होती, तोंडी नाही म्हणाला होतात’ हे आठवेल. ते ऐकून घ्या आणि वहीत लिहा.